सर्वांत हलक्या हिशेबाला सर्वांत जास्त लोखंड

इमारत जितकी जड, तितके तिचे खांब मजबूत हवेत, असे आपण धरून चालतो. बांधकामावरचा मुकादमही तसेच सांगेल. पण स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या हिशेबात असा एक प्रसंग येतो की, इमारतीचे वजन मुद्दाम कमी धरल्यावरच खांबाला सर्वांत जास्त सळ्या लागतात. हा प्रसंग नीट पाहिला की भारांची बेरीज कशी करतात, हेही आपोआप कळते.

पुण्यातली एक अरुंद इमारत घेऊ. खाली पार्किंग आणि वर एकूण सहा स्लॅब. तिचा कोपऱ्यातला, पार्किंगच्या पातळीवरचा कॉलम आपला. प्रत्येक स्लॅबचा सुमारे १२ चौरस मीटर भाग त्याच्या वाट्याला येतो. स्लॅब, तुळया, भिंती, फरशी आणि स्वतः कॉलम हे सगळे जागचे न हलणारे वजन, म्हणजे डेड लोड. ते एका स्लॅबमागे १०० किलोन्यूटन धरले, तर सहाचे मिळून ६०० होते. एक किलोन्यूटन म्हणजे साधारण शंभर किलो, तेव्हा हे झाले साठ टन. माणसे, कपाटे, पाहुणे, गणपतीची गर्दी हा लाइव्ह लोड. राहत्या खोल्यांसाठी IS 875 च्या दुसऱ्या भागात तो चौरस मीटरला २ किलोन्यूटन दिला आहे. आपल्या कॉलमवर तो एकूण सुमारे १५० होतो.

हे दोन्ही भार सरळ खाली येतात. वारा आणि भूकंप आडवे ढकलतात. आडव्या धक्क्याने इमारत झुकू पाहते, तेव्हा एका बाजूचे कॉलम दाबले जातात आणि दुसऱ्या बाजूचे उचलले जातात. अरुंद इमारतीत ही ओढाताण जास्त. संगणकाच्या विश्लेषणातून आपल्या कॉलमवर भूकंपाचा आकडा ४८० किलोन्यूटन आला असे समजू, कधी खाली दाबणारा, कधी वर उचलणारा. शिवाय कॉलम वाकवणारा १६० किलोन्यूटन-मीटरचा मोमेंट. वाऱ्याचा आकडा २०० च्या आसपास. पुण्यात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरतात, मुंबईत ४४.

आता बेरीज. सगळे भार एकत्र टाकले की काम झाले, असे वाटेल. पण वादळ आणि भूकंप एकाच क्षणी ऐन भरात असतील, हे धरायचे नाही, असे IS 1893 स्पष्ट सांगते. घरोघरी गच्च पाहुणे असताना मोठा भूकंप होईल, ही शक्यताही थोडीच. म्हणून IS 456 ने नेमून दिलेल्या बेरजा वेगवेगळ्या आहेत. फक्त डेड आणि लाइव्ह असेल, तर दोन्ही १.५ पट. डेड, लाइव्ह आणि भूकंप तिन्ही एकत्र असतील, तर प्रत्येक १.२ पट. लाइव्ह वगळून डेड आणि भूकंप असेल, तर पुन्हा १.५ पट. आणि शेवटची बेरीज अशी: डेड लोड फक्त ०.९ पट, भूकंप मात्र १.५ पट. भूकंपाच्या जागी वारा घेऊन हेच पुन्हा करायचे. दोन दिशा आणि प्रत्येक दिशेची दोन चिन्हे मोजली, की भूकंपाच्या बारा, वाऱ्याच्या बारा आणि पहिली एक अशा पंचवीस बेरजा स्क्रीनवर दिसतात.

या ०.९ मागचा विचार मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. वजन घातक ठरत असेल, तेव्हा ते जास्त धरा. पण वजनच इमारतीला जमिनीवर धरून ठेवत असेल, तर त्याच्यावर पुरता भरवसा ठेवू नका. नकाशात विटांची भिंत असते आणि बांधताना तिथे हलके एएसी ब्लॉक येतात, असे रोज घडते. वजन कमी झाल्याने भूकंपाचे बलही थोडे घटते हे खरे, पण कोपऱ्यातल्या एका कॉलमवरचा दाब त्याच प्रमाणात घटेल असे नाही.

आपल्या कॉलमचा आकार ३०० बाय ६०० मिलिमीटर, काँक्रीट एम-२५, सळ्या एफई-५००. वजनाने येणारा मोमेंट लहान असल्याने सोयीसाठी सोडून देऊ. पहिल्या बेरजेत १.५ गुणिले ७५०, म्हणजे ११२५ किलोन्यूटन दाब. मोमेंट नाहीच, त्यामुळे नियमाने सक्तीचे असलेले ०.८ टक्के लोखंड पुरते. १.२ च्या बेरजेत लाइव्ह लोड पूर्ण धरला, तरी दाब १४७६ आणि मोमेंट १९२ होतो. डेड आणि भूकंप १.५ पट केले, की दाब १६२० वर जातो आणि मोमेंट २४० वर. आकडा सर्वांत मोठा म्हणून इथेच थांबण्याचा मोह होतो. हातहिशेबाने या बेरजेला प्रत्येक आखूड बाजूवर ९७० चौरस मिलिमीटरच्या आसपास लोखंड लागते. २५ मिलिमीटरच्या दोन सळ्यांत ते कसेबसे बसते.

आता शेवटची बेरीज. ६०० चे ०.९ पट ५४०. त्यातून ४८० चे दीडपट, म्हणजे ७२०, वजा केले. उरले उणे १८०. कॉलम दाबला जात नाही, ताणला जातो आहे, आणि मोमेंट तेवढाच २४०. दाब असतो तेव्हा काँक्रीट बराच भार घेते, पण ताणात ते जवळपास निरुपयोगी. सगळी ओढ सळ्यांवर येते. प्रत्येक आखूड बाजूला १३०० चौरस मिलिमीटरच्या वर लोखंड हवे, म्हणजे २५ च्या दोन नव्हे, तीन सळ्या. भूकंप उलटाही ढकलतो, म्हणून दोन्ही बाजूंना तीन.

चूक होते ती बहुधा चिन्हात. रिस्पॉन्स स्पेक्ट्रम पद्धतीत निरनिराळ्या कंपनांचे परिणाम वर्ग करून मिळवतात, त्यामुळे उत्तर नेहमी अधिक चिन्हाचेच येते. 0.9DL+1.5EQX ही ओळ यादीत आहे, पण 0.9DL-1.5EQX नाही, असा नमुना मी तपासणीसाठी आलेल्या फायलींत पाहिला आहे. ओळखायची खूण सोपी: कोपऱ्यातल्या कॉलमचा सर्वांत कमी दाब कोणत्या बेरजेत येतो ते पाहा. उत्तर १.५ किंवा १.२ च्या बेरजेतले असेल, तर यादीत काहीतरी गळले आहे. दुसरी गफलत म्हणजे सगळ्या बेरजांतला सर्वांत मोठा दाब आणि सर्वांत मोठा मोमेंट उचलून त्यांची जोडी लावणे. ती जोडी प्रत्यक्षात कधी घडत नसेल, आणि ताणाची जोडी मात्र त्यात दिसतच नाही.

वाऱ्याच्या बाबतीत हाच खेळ पत्र्याच्या शेडवर दिसतो. तिथे डेड लोड इतका थोडा की वाऱ्याचे शोषण सहज त्याच्या वर जाते. जून २०२० मधल्या निसर्ग वादळात रायगडच्या किनाऱ्यावर कितीतरी छपरे उडाली. तशा छपरासाठी ०.९ च्या बेरजेचा निकाल पर्लिन, हुक आणि बोल्टला लागतो.

पुन्हा आपल्या कॉलमकडे. वर खेचणारे १८० किलोन्यूटन जमिनीत कुठेतरी अडवायला हवेत. फुटिंग २ मीटर चौरस आणि अर्धा मीटर जाड असेल, तर त्याचे वजन ५० आणि वरच्या दीड मीटर मातीचे सुमारे १००. त्याचेही ०.९ पट धरले की १३५ होते, म्हणजे ४५ कमी पडतात. फुटिंग अडीच मीटर चौरस केले, तर हीच बेरीज २१८ वर जाते आणि प्रश्न सुटतो. पण मग वरची माती फुटिंगच्या बाहेर आलेल्या कडांना खाली दाबत असते आणि मधला कॉलम वर ओढत असतो. नेहमीच्या फुटिंगमध्ये सळ्यांची जाळी फक्त तळाशी असते. इथे ती वरच्या बाजूलाही टाकावी लागते.