फोन, खिडकी आणि तेलाची बाटली

घरगुती पातळीवर सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्यांच्या यादीत केसांचं तेल जवळपास हमखास असतं. माका, जास्वंद, ब्राह्मी घालून कढवलेलं तेल, तपकिरी काचेची शंभर मिलीची बाटली, काळं झाकण आणि हौसेनं छापून घेतलेलं लेबल. माल चांगला, बाटली देखणी. पण फोनवर फोटो काढला की तीच बाटली काळ्या ठोकळ्यासारखी दिसते. तिच्या मधोमध ट्यूबलाइटची पांढरी रेघ उमटते, लेबलचा अर्धा भाग चकाकीत गडप होतो, आणि निरखून पाहिलं तर फोन धरलेला हातही काचेत दिसतो. दोष फोनला दिला जातो आणि नव्या फोनची चौकशी सुरू होते. प्रत्यक्षात गेल्या चार-पाच वर्षांतला कोणताही बरा फोन या कामाला पुरतो. अडचण असते ती बाटलीभोवतीच्या उजेडाची.

काच हा आरसाच आहे, आणि बाटली हा गोल आरसा. सपाट आरशात समोरची थोडीच जागा दिसते. गोल बाटलीत मात्र समोरची भिंत, दोन्ही बाजूंच्या खिडक्या, वरचा दिवा असं जवळपास सगळं उमटतं. म्हणून चकचकीत बाटलीचा फोटो काढणं म्हणजे तिच्यात दिसणाऱ्या खोलीचाही फोटो काढणं. शाळेत शिकलेला नियम इथे तंतोतंत लागू पडतो: प्रकाश ज्या कोनात काचेवर येतो त्याच कोनात परत फिरतो. दिवा छोटा आणि प्रखर असेल तर त्याचं प्रतिबिंबही छोटं आणि डोळ्यांत खुपणारं. फोनच्या फ्लॅशनं काढलेले फोटो याच कारणानं बिघडतात. उजेडाचा स्रोत बाटलीच्या मानानं मोठा असेल, तर काचेवर एक रुंद, मऊ पट्टा उमटतो आणि बाटलीची गोलाई खुलते.

असा मोठा स्रोत प्रत्येक घरात असतो, तो म्हणजे खिडकी. जिच्यातून थेट ऊन आत येत नाही अशी खिडकी निवडावी. उत्तरेकडची असेल तर उत्तम, कारण तिथला उजेड दिवसभरात फारसा बदलत नाही. टेबल खिडकीला लागून असं ठेवावं, की उजेड बाटलीच्या एका बाजूनं येईल. मग स्टेशनरीच्या दुकानातून मोठ्या आकाराचा ट्रेसिंग पेपर आणून तो खिडकी आणि बाटली यांच्यामध्ये, बाटलीपासून वीतभर अंतरावर उभा ताणून लावावा. हा कागद बाटलीपेक्षा बराच उंच हवा. तो तोकडा पडला तर त्याची कडा काचेत दिसते आणि चमकेचा पट्टा मध्येच तुटतो. कागद पुरेसा उंच असला, तर पट्टा खांद्यापासून बुडापर्यंत सलग उतरतो. या एका कागदानं जो फरक पडतो, तो फोटो दुरुस्त करणाऱ्या कुठल्याही ॲपनं पडत नाही.

खोलीतले सगळे दिवे मात्र बंद करावेत. दिवसाचा उजेड निळसर आणि बल्बचा पिवळसर असतो. दोन्ही एकत्र आले की बाटलीची एक बाजू निळी आणि दुसरी पिवळी दिसते. फोन एका वेळी एकाच उजेडाशी जुळवून घेऊ शकतो, त्यामुळे हा दोष नंतर काढणं फार अवघड जातं.

आता बाटलीची दुसरी बाजू. खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढरा कार्डशीट किंवा थर्माकोलचा तुकडा उभा केला, की तिकडची सावली हलकी होते आणि लेबल वाचता येतं. पण पार्श्वभूमी पांढरी असेल आणि काच रंगहीन असेल, जसं गुलाबपाण्याच्या बाटलीचं असतं, तर वेगळाच प्रश्न येतो. काचेच्या कडा पांढऱ्यात विरघळतात आणि बाटलीचा आकारच हरवतो. अशा वेळी दोन्ही बाजूंना, फोटोच्या चौकटीच्या जेमतेम बाहेर, काळ्या चार्ट पेपरच्या पट्ट्या उभ्या कराव्यात. त्यांचं काळं प्रतिबिंब बरोबर कडांवर पडतं आणि बाटलीला पेन्सिलीनं रेखल्यासारखी बारीक रेघ मिळते.

तपकिरी बाटली काळीठिक्कर दिसते, त्यावरही जुना उपाय आहे. पेयांच्या जाहिरातींचे छायाचित्रकार तो वर्षानुवर्षं वापरत आले आहेत. जाड पुठ्ठ्यावर बाटलीचा आकार आखून त्याच्या थोडा आतून कापायचा, म्हणजे तुकडा बाटलीमागे पूर्ण लपेल. त्यावर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल किंवा पांढरा कागद चिकटवायचा आणि बाटलीच्या अगदी मागे, खिडकीकडे किंचित वळवून उभा करायचा. खिडकीचा उजेड त्यावर पडून बाटलीतून पुढे येतो आणि तेल मधासारखं उजळतं. पुठ्ठा अंशाअंशानं फिरवत फोनच्या पडद्यावर पाहत राहावं, योग्य कोन लगेच कळतो. याला मर्यादा आहेत. लेबल बाटलीभोवती पूर्ण गुंडाळलेलं असेल, तर उजेड फक्त त्याच्या वर आणि खाली दिसेल. तेल फारच गडद असेल, तर काहीच पार येणार नाही. मग कडांवरच्या चमकेवरच भिस्त ठेवावी.

एवढी मांडणी झाली की फोन हातात घ्यायचा. इथे बहुतेकांचा पहिला कल असतो तो फोन बाटलीच्या अगदी जवळ नेण्याचा. फोनचा मुख्य कॅमेरा बऱ्यापैकी विस्तृत कोनाचा असतो. त्यानं अगदी जवळून काढलेल्या फोटोत पुढचा भाग फुगतो, आणि वरून थोडं खाली पाहत काढला असेल तर झाकण मोठं व बूड निमुळतं दिसतं. शिवाय अनेक नव्या फोनांचा मुख्य कॅमेरा साधारण वीतभर अंतराच्या आत फोकसच करू शकत नाही. तेवढं जवळ गेलं की फोन गुपचूप अतिविस्तृत कोनाच्या कॅमेऱ्यावर उडी मारतो, आणि आकार आणखी वेडावाकडा होतो. म्हणून दोन-तीन फूट मागे जावं आणि 2x निवडावं. फोन ट्रायपॉडवर किंवा पुस्तकांच्या चळतीला टेकवून बाटलीच्या मध्याच्या उंचीवर ठेवावा. टायमर लावून बाजूला व्हावं. मागे गेल्यामुळे काचेतलं फोनचं प्रतिबिंबही बारीक होतं. तरीही ते दिसत असेल, तर काळ्या कागदाला कॅमेऱ्यापुरतं भोक पाडून तो फोनसमोर धरावा. पोर्ट्रेट मोड टाळावा. काचेची कडा कुठे संपते हे त्याला अनेकदा कळत नाही आणि झाकणाचा कोपराच धूसर होतो.

पांढऱ्या पार्श्वभूमीवर आणखी एक फसगत होते. चौकटीत पांढरं जास्त असलं की फोनला दृश्य फार उजळ वाटतं. तो उजेड कमी करतो आणि पांढरा कागद राखाडी येतो. त्यावर उपाय सोपा आहे. पडद्यावर लेबलच्या जागी बोट दाबून धरलं, की फोकस आणि उजेड दोन्ही जागच्या जागी पक्के होतात. मग शेजारी दिसणारी सूर्याची खूण वर सरकवत पार्श्वभूमी पांढरी होईपर्यंत उजेड वाढवावा, पण लेबलवरची बारीक अक्षरं फिकी पडायला लागण्याआधी थांबावं. ॲमेझॉनवर माल विकायचा असेल, तर मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी लागते आणि वस्तूनं चौकटीचा निदान 85 टक्के भाग व्यापावा लागतो. त्यामुळे ही पायरी घाईत उरकून चालत नाही.

लिपस्टिक आणि कुंकवाच्या बाबतीत आकारापेक्षा रंगाचा प्रश्न मोठा असतो. गडद लाल रंग कॅमेऱ्याला नीट पेलत नाही. उजेड थोडा जास्त झाला, की लाल रंगाची नोंद कमाल मर्यादेला जाऊन ठेपते, आणि लिपस्टिकचा मखमली पोत जाऊन तिथे एकसारखा लाल डाग उरतो. हा डाग दिसला, की उजेड कमी करून फोटो पुन्हा काढावा. हरवलेला पोत नंतर परत आणता येत नाही. पहिला फोटो लिपस्टिकशेजारी साधा पांढरा कागद ठेवून काढावा, आणि रंग सुधारताना तो कागद निळा किंवा पिवळा न दिसता पांढरा दिसेपर्यंतच बदल करावा. तोच बदल पुढच्या सगळ्या फोटोंना लावावा. रंग आपोआप भडक करणाऱ्या सोयी आणि फिल्टर आधीच बंद ठेवावेत. रात्री पडदा पिवळा करणारी सोय चालू असताना रंग तपासू नये. तयार फोटो दुसऱ्या एखाद्या फोनवर, खऱ्या लिपस्टिकशेजारी धरून पाहावा. ग्राहकानं मरून मागवली आणि घरी विटकरी पोहोचली, तर माल परत येतो.

उटणं, साबण, स्क्रब यांना चमक नसते, पोत असतो. त्यांच्यासाठी ट्रेसिंग पेपर काढून टाकून उजेड अगदी तिरपा, जवळजवळ टेबलाच्या पातळीवरून येऊ द्यावा. मग उटण्याचा प्रत्येक कण स्वतःची बारीक सावली टाकतो आणि त्याचा खरखरीतपणा डोळ्यांना जाणवतो. समोरून उजेड दिला, तर तेच उटणं बेसनाच्या सपाट ढिगासारखं दिसतं.

फोटो काढण्यापूर्वी फोनची काच मऊ सुती कापडानं पुसावी, कारण बोटांचा तेलकट थर सगळ्या चित्रावर धुकं आणतो. बाटलीही पुसून घ्यावी आणि नंतर ती झाकणाजवळ कापडानंच धरावी. पहिला फोटो पडद्यावर मोठा करून लेबलची बारीक अक्षरं, झाकणावरची धूळ आणि काचेतली प्रतिबिंबं या तीन गोष्टी तपासाव्यात. पन्नास फोटो काढून झाल्यावर बोटाचा ठसा सापडण्यापेक्षा हे बरं.

मनासारखा फोटो मिळाला, की मांडणी मोडण्याआधी बाटली, कागद आणि फोन यांच्या जागा टेबलावर व जमिनीवर चिकटपट्टीनं आखून ठेवाव्यात. एक फोटो संपूर्ण मांडणीचाही काढावा आणि वेळ लिहून ठेवावी. पुढच्या महिन्यात शाम्पूची बाटली त्याच जागी, त्याच वेळी ठेवली, की दोन्ही फोटो एकाच ब्रँडचे दिसतील.