क्रोमबुकवर सेव्ह झालेला वाय-फाय पासवर्ड कसा शोधायचा? सिंक चालू असेल तर तो कुठे कुठे पोहोचतो?

समजा, भाड्याच्या फ्लॅटमध्ये नवा रूममेट आला आणि त्याने वाय-फायचा पासवर्ड विचारला. तुमचं क्रोमबुक वर्षभरापासून आपोआप कनेक्ट होतंय, त्यामुळे पासवर्ड कुणाच्याच लक्षात नाही. राउटरखालचं स्टिकरही निघून गेलंय. आता काय?

विंडोज लॅपटॉपवर सेव्ह केलेला पासवर्ड सेटिंग्जमध्ये पाहता येतो. क्रोमबुकच्या नेहमीच्या सेटिंग्जमध्ये मात्र ही सोय मिळत नाही. नेटवर्कचं नाव, सिग्नल, आयपी अ‍ॅड्रेस सगळं दिसतं, पण पासवर्ड दिसत नाही. अनेक जण मग गुगल पासवर्ड मॅनेजर उघडून बघतात. पण तिथे वेबसाइट्स आणि अ‍ॅप्सचे पासवर्ड असतात, वाय-फायचे नाहीत.

सोपा मार्ग फोनमधून जातो

क्रोमबुक आणि अँड्रॉइड फोन एकाच गुगल खात्यावर असतील, तर वाय-फाय सिंक कामी येतं. ही सोय 2021 मध्ये क्रोम ओएसच्या 89 व्या आवृत्तीत आली. क्रोमबुकवर Settings उघडा, Connected devices मध्ये जा, तुमचा फोन निवडा आणि Wi-Fi Sync चालू करा. नेटवर्क सिंक झालं की ते फोनच्या सेव्ह केलेल्या यादीतही येतं.

आता फोनच्या वाय-फाय सेटिंग्जमध्ये ते नेटवर्क उघडून Share दाबा. फोन आधी फिंगरप्रिंट किंवा पिन मागेल, मग क्यूआर कोड दाखवेल. बऱ्याच फोनवर कोडच्या खाली पासवर्डही लिहिलेला असतो. नसला, तरी रूममेटने कोड स्कॅन केला की काम झालं.

मात्र प्रत्येक नेटवर्क सिंक होत नाही. तुम्ही स्वतः जोडलेली, साध्या पासवर्डची नेटवर्क्स सिंक होतात. कॉलेज किंवा ऑफिसमध्ये युजरनेम आणि पासवर्ड दोन्ही टाकावे लागतात, ती नेटवर्क्स होत नाहीत. आयफोनलाही हे सिंक चालत नाही.

डेव्हलपर मोडचा सापळा

यूट्यूबवर आणखी एक मार्ग सांगितला जातो: डेव्हलपर मोड चालू करा, शेल उघडा आणि `shill.profile` नावाची फाइल वाचा. क्रोम ओएसच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये त्या फाइलमध्ये अशी ओळ सापडायची:

```
Passphrase=rot47:v92Ca_ac
```

`rot47` म्हणजे प्रत्येक अक्षर 47 घरं सरकवणं. हे खरं कुलूप नाही, कारण एका ओळीच्या कमांडने मूळ पासवर्ड परत मिळतो:

```
echo 'v92Ca_ac' | tr '!-~' 'P-~!-O'
```

उत्तर येतं `Ghar2024`. पण डेव्हलपर मोड चालू करतानाच क्रोमबुक आतला सगळा डेटा पुसून टाकतं. डाउनलोड केलेल्या फाइल्स जातात आणि तुम्ही शोधत असलेला पासवर्डही जातो. लॉगिन केल्यावर तो परत येतो, पण फक्त सिंक आधीपासून चालू असेल तर. आणि सिंक चालू असेल तर तो फोनवरच बघता आला असता! शाळा-कॉलेजने दिलेल्या क्रोमबुकवर तर अ‍ॅडमिनने हा मोड बहुतेक वेळा बंदच ठेवलेला असतो.

सिंकचा दुसरा अर्थ

सिंक चालू असेल, तर पासवर्ड एका मशीनपुरता राहत नाही, तो खात्यासोबत फिरतो. तुमचं खाते भावाच्या क्रोमबुकवर उघडं असेल आणि तिथेही वाय-फाय सिंक चालू असेल, तर घरचं, ऑफिसच्या गेस्ट रूमचं, मित्राच्या घरचं नेटवर्क तिथेही पोहोचतं. मित्राने पासवर्ड तुम्हाला दिला होता, पण आता तो तुमच्या प्रत्येक डिव्हाइसवर आहे.

उलट दिशेनेही काळजी घ्या. सिंक असलेलं नेटवर्क Forget केलं, तर ते त्या खात्याच्या इतर डिव्हाइसवरूनही निघू शकतं. त्यामुळे Forget दाबताना येणारा इशारा वाचा. पासवर्ड दुसरीकडे कुठेच लिहिलेला नसेल, तर आधी फोनवरून क्यूआर कोडचा फोटो जपून ठेवा.

जुनं क्रोमबुक विकताना किंवा कुणाला देताना नुसतं साइन आउट करणं पुरेसं नाही. साइन-इन स्क्रीनवर Ctrl + Alt + Shift + R दाबून पॉवरवॉश करा, म्हणजे आतला डेटा पुसला जातो. क्रोमबुक आधीच दुसऱ्याच्या हाती गेलं असेल, तर गुगल खात्याच्या डिव्हाइस यादीतून ते काढा. पण तिथे उतरलेला पासवर्ड एवढ्याने पुसला जातोच असं नाही. खात्रीचा उपाय एकच: राउटरचा पासवर्ड बदला. मग जुना पासवर्ड कुणाकडेही राहिला, तरी त्याने दार उघडणार नाही.