दाराच्या रबरातून गळणारं पाणी

फ्रंट लोड वॉशिंग मशीनखाली पाणी दिसलं की घरात पहिला तर्क पाइप सुटल्याचा निघतो, दुसरा ड्रम गेल्याचा. दाराचं रबर फाटलं असेल, हे बहुतेक वेळा मेकॅनिक सांगतो. तोवर घरच्यांनी फरशी लख्ख पुसून ठेवलेली असते, त्यामुळे तो म्हणतो ते खरं की खोटं हे ताडून पाहायला काही हाती उरत नाही. म्हणून पाणी पुसण्याआधी एक गोष्ट लक्षात ठेवावी: ते कुठे साचलंय यापेक्षा ते नेमकं केव्हा येतं, याला महत्त्व आहे.

त्यासाठी हे रबर करतं काय, ते आधी पाहू. कपडे ज्यात फिरतात तो स्टीलचा भोकाभोकांचा ड्रम एका मोठ्या प्लॅस्टिकच्या टबात बसवलेला असतो. पाणी साठतं ते या टबात. टब स्प्रिंगांवर टांगलेला असल्यामुळे कपडे पिळताना तो आत जोरात हलतो, पण मशीनचा पुढचा पत्रा जागेवर स्थिर असतो. या हलत्या टबाला आणि स्थिर पत्र्याला जोडणारं रबर म्हणजे गॅस्केट; दुकानात ‘डोअर रबर’ म्हटलं तरी तेच मिळतं. पेटीच्या भात्यासारखी त्याला घडी असते, कारण टब हलला की त्याला ताणावं-आकसावं लागतं. त्याचा मागचा काठ टबाच्या ओठावर बसतो आणि पुढचा पत्र्याच्या गोल कडेवर. दोन्ही काठांवर एकेक तारेची किंवा पट्टीची कडी आवळलेली असते, तिला क्लँप म्हणतात. दार बंद केलं की त्याची फुगीर काच रबराच्या आतल्या ओठावर दाबून बसते. घडीत उतरलेलं पाणी परत टबात जावं म्हणून तळाशी बारीक भोकं असतात.

म्हणजे पाणी बाहेर येण्याच्या वाटा दोन आहेत आणि त्यांच्या खुणा वेगळ्या आहेत. काच आणि ओठ नीट चिकटत नसतील, तर दाराखाली पत्र्याच्या बाहेरच्या बाजूने ओघळ येतो. घडीच फाटली असेल, तर पाणी पत्र्याच्या आतून उतरतं आणि मशीनच्या तळातून पुढच्या बाजूला येतं. दाराखालचा पत्रा तेव्हा कोरडा ठणठणीत असतो. लोक दाराला हात लावून पाहतात, ओल लागत नाही आणि ‘दाराचा काही संबंध नाही’ असं ठरवून मोकळे होतात. इथेच गफलत होते.

तळातून येणारं पाणी पंपाचं, फिल्टरच्या झाकणाचं किंवा टबाच्या तळाशी जोडलेल्या जाड नळीचंही असू शकतं. हा फरक ओळखायला मशीन धुलाईच्या मध्ये पॉज करावं. बहुतेक मशीनमध्ये धुताना टबातलं पाणी दाराच्या खालच्या कडेच्या खालीच असतं. घडीपर्यंत ते पोचतं ते ड्रम फिरून उडवतो म्हणून. ड्रम थांबला की फाटक्या घडीतून येणारे थेंब मंदावतात आणि थोड्या वेळात बंद पडतात. पंपाकडची गळती मात्र टबात पाणी आहे तोवर चालूच राहते. काचेतून पाहिल्यावर पाणी रबराच्या घडीपर्यंत चढलेलं दिसत असेल, तर मात्र ही कसोटी लावू नये. पावडरच्या कप्प्यातून फेस बाहेर येत असेल, तर दोष बहुधा साबणाचा असतो. हाताने कपडे धुण्याची फेसाळ पावडर फ्रंट लोडमध्ये टाकली की फेस मिळेल त्या फटीतून बाहेर पडतो, मग रबर कितीही धडधाकट असो.

ठाण्यातल्या एका ओळखीच्या घरचं उदाहरण घेऊ. मशीन सात किलोचं, ड्राय बाल्कनीत ठेवलेलं. पाणी भरताना फरशी कोरडी, धुलाई सुरू झाली की मशीनच्या पुढच्या पायांच्या मधे ओघळ, पत्रा बाहेरून कोरडा. फिल्टरचं झाकण घट्ट होतं आणि त्याच्याभोवती ओल नव्हती. पॉज केल्यावर ठिबकणं थांबलं. मग प्लग काढला, नळ बंद केला आणि बॅटरीच्या उजेडात दार उघडून रबर पाहिलं. नुसतं पाहून काही दिसेना, कारण फाटलेली चीर घडीच्या आत मिटलेली असते. दोन्ही अंगठ्यांनी घडी उलगडून, इंचाइंचाने ताणत गेल्यावर तळाशी, मध्यापासून जरा डावीकडे, सुमारे दोन सेंटिमीटरची सरळ चीर उघडली. शेजारीच काळ्या गाळात ब्राची वाकडी तार पडलेली होती.

चिरेचा आकार नीट पाहावा, कारण त्यात कारण दडलेलं असतं. काठ सरळ आणि स्वच्छ असतील तर काम तार, हेअरपिन, खिळा अशा टोकदार वस्तूचं. काठ वेडेवाकडे कुरतडलेले असतील आणि मशीनखाली रबराचा चुरा असेल तर उंदीर. मशीनचा तळ उघडा असला की तो तिथून आत शिरतो. रबर एका जागी न फाटता लांबलचक घासून पातळ झालं असेल, तर प्रकरण मोठं आहे. अशा वेळी ड्रमची आतली कड धरून वर-खाली हलवून पाहावी. पूर्ण टबासकट ड्रम हलला तर ते नेहमीचंच आहे. टब जागेवर राहून आत नुसता ड्रम लटपटत असेल, तर बेअरिंग गेलेलं आहे, आणि तो ड्रम नवं रबरही घासून टाकेल. आधी बेअरिंगचं काय करायचं ते ठरवावं, मग रबर आणावं.

पत्र्यावरून ओघळ येत असेल तर मात्र लगेच खर्चात पडू नये. काचेवर आणि ओठावर साबणाचा आणि खाऱ्या पाण्याचा थर बसला असेल, केस किंवा सुताचे धागे अडकले असतील, तर ओल्या फडक्याने दोन्ही पुसून पाहावं. अर्धं दार उघडून ते वर उचलून पाहावं. बिजागरीत खेळ असेल तर काच खाली बसते आणि वरच्या अंगाला फट राहते.

चीर चिकटवता येईल का, हे जवळजवळ प्रत्येकजण विचारतो. सायकलच्या ट्यूबचं पॅच आणि सोल्युशन यावर फार काळ धरत नाही. हे रबर बहुतेकदा ईपीडीएम जातीचं असतं, त्याला ते सोल्युशन नीट पकडत नाही. शिवाय ही घडी प्रत्येक धुलाईत शेकडो वेळा वाकते. सिलिकॉन लावलं तरी काही दिवसांत त्याची पापडी सुटते. रबर काढून, चीर वर जाईल असं फिरवून बसवण्याची युक्ती काही जण सांगतात. मला ती पटत नाही. पाणी परतवणारी भोकंही मग वर जातात आणि घडीत पाणी साचून राहतं.

नवं रबर मशीनच्या मॉडेल नंबरावरून घ्यावं, किलोवरून नव्हे. सात किलोची दोन मशीनं एकाच कंपनीची असली तरी रबर वेगळं असू शकतं. नंबर दाराच्या आतल्या कडेवर किंवा मशीनच्या मागे चिकटवलेला असतो. शक्य असेल तर जुनं रबर नव्याशेजारी ठेवून भोकांची जागा आणि दोन्ही काठांचा आकार ताडून पाहावा.

काम घरी करायचं की मेकॅनिककडून, हे एका गोष्टीवर ठरवावं: टबावरच्या आतल्या क्लँपपर्यंत हात पोचतो का. बाहेरचा क्लँप सोपा असतो. रबराच्या पुढच्या काठाच्या खाचेत तो दिसतो. त्याची छोटी स्प्रिंग सापडली की चपट्या स्क्रूड्रायव्हरने उचलून काढता येतो. काठ पत्र्यावरून सोडवून रबर आत ढकललं, की काही मशीनमध्ये आतला क्लँप आणि त्याचा स्क्रू दाराच्या तोंडातूनच हाताला लागतो. तसं असेल तर धीर असलेल्या माणसाला हे काम जमतं. पुष्कळ मशीनमध्ये मात्र पुढचा पत्राच काढावा लागतो. त्यासाठी वरचं झाकण, पावडरचा कप्पा, बटणांची पट्टी काढायची, दाराच्या लॉकचे दोन स्क्रू सोडून लॉक तारांसकट आत सरकवायचं आणि मग पत्रा उतरवायचा. हे करताना पॅनलच्या वायरी ओढल्या गेल्या तर रबराच्या खर्चावर आणखी खर्च येतो. इथे मेकॅनिक बोलावणं बरं, पण रबराची किंमत, व्हिजिट आणि मजुरी असे तिन्ही आकडे वेगवेगळे विचारून घ्यावेत.

कोणीही करो, बसवताना चुका ठरावीक ठिकाणी होतात. जुनं रबर काढण्याआधी फोटो काढावा. टबाच्या ओठावर खाऱ्या पाण्याचा थर असतो. तो व्हिनेगरच्या फडक्याने पूर्ण पुसल्याशिवाय नवं रबर सपाट बसत नाही. नव्या रबरावर वरच्या बाजूला बहुधा त्रिकोणी खूण असते, ती टबावरच्या खुणेसमोर आली की भोकं आपोआप अगदी तळाशी येतात. काठ वरून चढवायला सुरुवात करावी आणि दोन्ही बाजूंनी खाली यावं. सरकत नसेल तर भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब बोटाला लावावेत. खोबरेल किंवा ग्रीस अजिबात नको, तेलाने हे रबर फुगतं.

आतला क्लँप स्क्रूचा असेल तर आवळणं सोपं आहे. स्प्रिंगचा असेल तर एकाने वरची बाजू दाबून धरायची आणि दुसऱ्याने खाली ताणून खाचेत घालायची. एकट्याने केलं की तो एकीकडे बसतो आणि दुसरीकडून सुटतो. टोकदार हत्याराने ढोसून बसवायला गेलं तर नव्या रबरालाच भोक पडतं. बसल्यावर बोट पूर्ण फेरीभर फिरवावं. एखाद्या जागी काठ दुमडून क्लँपखाली गेलेला असेल तर तिथे उंचवटा लागतो, आणि गळती तिथूनच होते.

ठाण्याच्या त्या मशीनला आतला क्लँप दारातून मिळाला, म्हणून पत्रा काढावा लागला नाही. चाचणीसाठी मशीनखाली वर्तमानपत्र पसरलं आणि कपड्यांशिवाय आधी रिन्स, मग स्पिन लावलं. कागद कोरडा राहिला. नंतर कपडे घालून धुलाई केली तेव्हा कागदावर थोडी ओल आली. तो क्लँप परत पाहिला तर तळाशी उजवीकडे रबराचा काठ खाचेतून अर्धा बाहेर होता. रिकाम्या ड्रममध्ये पाणी तेवढं वर उडत नाही, त्यामुळे रिकाम्या चाचणीत हे दिसलं नव्हतं. स्क्रू ढिला करून काठ परत बसवला, पुन्हा आवळला आणि कपड्यांसकट चाचणी घेतली. ब्रा त्यानंतर जाळीच्या पिशवीत घालून मशीनला लावल्या जातात.