मातीच्या भरावाची दबाई

मातीच्या भरावाची दबाई म्हणजे धरण किंवा बंधाऱ्यासाठी पसरलेली माती थराथराने रोलरखाली दाबून तिच्यातील हवेच्या पोकळ्या कमी करण्याची क्रिया. नाशिकजवळ गोदावरीवरील गंगापूर धरण (१९६५) हे मातीचे धरण आहे. अशा धरणांत पाणी अडवणारा चिकणमातीचा गाभा आत आणि त्याला आधार देणारे मुरमाचे कवच बाहेर, अशी रचना सामान्यतः असते. या दोन भागांस एकच रोलर चालत नाही.

चिकणमातीचे कण एकमेकांस धरून राहतात. त्यामुळे गाभ्यासाठी शीपफूट रोलर वापरतात. त्याच्या पिंपावर मेंढीच्या खुरासारखे सुमारे २० सेंटिमीटर लांबीचे खूर असतात. ते थरात शिरून माती खालून वर दाबत आणतात. सैल थर खुराच्या लांबीहून जाड असला, तर खूर जुन्या थरापर्यंत पोहोचत नाहीत आणि दोन थरांमध्ये पाणी झिरपण्यास वाट राहते. म्हणून सैल थर सुमारे २० सेंटिमीटरचा ठेवतात. दबल्यावर तो १५ सेंटिमीटरच्या आसपास उरतो. फेऱ्यांगणिक खूर कमी-कमी रुततात आणि रोलर वर येत जातो. पुष्कळ फेऱ्यांनंतरही तो तितकाच रुतत राहिला, तर माती बहुधा जास्त ओली आहे किंवा रोलर तिला पेलण्यापेक्षा जड आहे. अशा वेळी फेऱ्या वाढवणे व्यर्थ. माती उलथून वाळू द्यावी लागते अथवा रोलर हलका करावा लागतो.

गुळगुळीत पिंपाचा रोलर चिकणमातीवर चालवल्यास पृष्ठभाग चकचकीत होतो आणि पुढचा थर त्यास चिकटत नाही. मुरमाच्या कवचास मात्र गुळगुळीत कंपन-रोलर योग्य, कारण कंपनाने दाणे सरकून एकमेकांत बसतात. तेथे ३० सेंटिमीटरचा सैल थरही चालू शकतो. मुरूम रोलरखाली भुगा होत असल्यास हा हिशेब पुन्हा तपासावा लागतो.

नजरेवर विसंबता येत नाही. उदाहरणार्थ, प्रयोगशाळेत गाभ्याच्या मातीची सर्वाधिक कोरडी घनता दर घनसेंटिमीटरला १.५८ ग्रॅम आणि त्यासाठीचे पाणी २२ टक्के आले, असे समजू. भरावात पोलादी नळकांडे ठोकून काढलेल्या नमुन्याची ओली घनता १.८६ आणि पाणी २२ टक्के आहे. १.८६ भागिले १.२२ म्हणजे कोरडी घनता १.५२, अर्थात प्रयोगशाळेतील मूल्याच्या सुमारे ९६.५ टक्के. अट ९८ टक्क्यांची असेल, तर थर नापास. पाणी बरोबर असल्याने दोष फेऱ्यांचा किंवा थराच्या जाडीचा आहे. नमुना थराच्या वरच्या भागात पास आणि खालच्या भागात नापास होत असेल, तर जाडीच दोषी ठरते. वरून कितीही रोलर फिरवला तरी तळ तसाच राहतो. तो थर उकरून पातळ करून पुन्हा दाबतात.

हे आधीच कळावे म्हणून मुख्य कामापूर्वी त्याच मातीची चाचणी-पट्टी करतात. तिच्यावर दोन-तीन जाडींचे थर घालतात आणि दर दोन फेऱ्यांनंतर घनता मोजतात. घनता वाढायची थांबते, ती फेऱ्यांची संख्या त्या रोलरसाठी ठरते. मातीची खाण बदलली, की पट्टी पुन्हा करावी लागते.