रंग आकाराचा, उजेड पृष्ठभागाचा

अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९८३ साली लुई ब्रूस कॅडमियम सल्फाइडच्या अतिसूक्ष्म कणांवर काम करत होते. ताजं द्रावण काही काळ तसंच राहिलं आणि त्याचं प्रकाश शोषणं बदललं. सुरुवातीचे साडेचार नॅनोमीटरचे कण वाढून साडेबारा नॅनोमीटरचे झाले होते. मोठे कण नेहमीच्या कॅडमियम सल्फाइडसारखे वागत. लहानांचं शोषण मात्र निळ्याकडे सरकलेलं होतं. पदार्थ तोच, फरक फक्त आकाराचा.

असं का होतं? अर्धवाहकावर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन वर उचलला जातो आणि मागे रिकामी जागा उरते. ही जोडी मोकळेपणी वावरायला काही नॅनोमीटर जागा मागते. कॅडमियम सेलेनाइडमध्ये जोडीतलं हे अंतर साडेपाच नॅनोमीटरच्या आसपास असतं. कण त्याहून लहान झाला की जोडी कोंडली जाते. तार आखूड धरली की सूर चढतो, तशी कोंडलेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा चढते. तो परत खाली येताना हीच ऊर्जा प्रकाश म्हणून बाहेर पडते. ऊर्जा जास्त, तर रंग निळ्याकडे. म्हणून याच पदार्थाचे दोनेक नॅनोमीटरचे कण निळसर चमकतात आणि सहाच्या आसपासचे लाल.

बनवतानाही हे दिसतं. तापलेल्या द्रावकात रसायनं एकदम टोचायची आणि थोड्या थोड्या वेळाने नमुना काढून अतिनील दिव्याखाली धरायचा: आधी निळसर, मग हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. हवा तो रंग आला की भांडं थंड करायचं. उशीर झाला तर लहान कण विरघळून मोठ्यांवर चढतात, आकारांची सरमिसळ होते आणि रंग पसरट, मळकट होतो.

रंग जमला तरी चमक जमेलच असं नाही. पृष्ठभागावरचा अणूंचा थर ०.३ नॅनोमीटर जाडीचा धरून हिशोब केला, तर सहा नॅनोमीटरच्या कणात सुमारे २७ टक्के भाग पृष्ठभागाचा निघतो; दोन नॅनोमीटरच्या कणात तोच ६६ टक्के. या अणूंना एका बाजूला शेजारी नसतो, त्यांचे बंध अर्धवट राहतात. तिथे इलेक्ट्रॉन अडकला की ऊर्जा उष्णतेत जाते, किंवा तांबूस, पसरट उजेड पडतो. निळ्या दिसायला हव्या त्या नमुन्यात फिकट पांढुरकी छटा आली, तर जाणकार आधी पृष्ठभागावर संशय घेतात. मला तर अवघड काम हेच वाटतं. आकार साधणं त्यामानाने सोपं.

यावर उपाय म्हणजे झिंक सल्फाइडचं कवच. १९९६ साली असं कवच चढवल्यावर शोषलेल्या प्रकाशकणांपैकी निम्मे प्रकाश म्हणून परत मिळू लागले. पण दोन्ही स्फटिकांतली अणूंची अंतरं सुमारे १२ टक्क्यांनी वेगळी. कवच जाड केलं की ताण येतो, नवे दोष पडतात आणि चमक पुन्हा उतरते. म्हणून मधे कॅडमियम सल्फाइडचा पातळ थर घालून हा फरक टप्प्याटप्प्याने मुरवतात.