नारायण पंडितांच्या गाई आणि केलीचं प्रमेय

नारायण पंडितांचा ‘गणितकौमुदी’ हा ग्रंथ १३५६ सालचा. त्यात गाईंचं एक उदाहरण आहे. एक गाय दर वर्षी एका कालवडीला जन्म देते. ती कालवड तिच्या जन्मानंतर तिसऱ्या वर्षी पहिल्यांदा विते आणि मग तीही दर वर्षी विते. तर वीस वर्षांनी कळपात गाई-वासरं मिळून किती? नारायणांनी हे गणित पिढ्यांप्रमाणे सोडवलं. मूळ गाय १, तिच्या मुली २०, नाती १५३, पणती ५६०, अशा आठ पिढ्यांची बेरीज २७४५ येते.

हेच उदाहरण आजच्या मॅट्रिक्सच्या भाषेत मांडलं, तर केली-हॅमिल्टन प्रमेयाची खरी ताकद दिसते. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला हे प्रमेय हमखास परीक्षेत येतं. मुलं ‘पडताळा द्या’ म्हणून ते पडताळतात आणि पुढे जातात. त्याचा उपयोग कुठे, हे मात्र क्वचितच कोणी दाखवतं.

वर्षाच्या शेवटी कळपाचे तीन गट करू. याच वर्षी जन्मलेल्या वासऱ्या हा पहिला गट, एक वर्षाच्या कालवडी हा दुसरा आणि पुढच्या वर्षी वितील अशा सगळ्या गाई हा तिसरा. वर्ष सरलं की काय होतं? तिसऱ्या गटात जितक्या गाई, तितक्या नव्या वासऱ्या येतात. पहिला गट दुसऱ्यात सरकतो. दुसरा गट तिसऱ्यात जाऊन आधीच्या गाईंना मिळतो. हा एवढा नियम तीन ओळींच्या मॅट्रिक्समध्ये मावतो:

```
A = | 0  0  1 |
    | 1  0  0 |
    | 0  1  1 |
```

सुरुवातीला कळप (0, 0, 1) असा आहे, म्हणजे विण्याजोगी एकच गाय. A ने एकदा गुणलं की एक वर्ष पुढे: (1, 0, 1). मग (1, 1, 1), मग (1, 1, 2). वीस वर्षांनंतरचा कळप हवा असेल तर A चा विसावा घात लागतो.

घात काढण्याची पाठ्यपुस्तकातली नेहमीची वाट म्हणजे मॅट्रिक्सला कर्णरूप देणं. त्यासाठी आधी लाक्षणिक बहुपदी काढायची. x पट एकक मॅट्रिक्समधून A वजा करून जे उरतं त्याचा निश्चयक म्हणजे ही बहुपदी. आपल्या कळपासाठी ती अशी येते:

```
x³ − x² − 1
```

आता तिची मुळं शोधायची. इथेच वाट खडतर होते. एक मूळ १.४६५५७… असं न संपणारं दशांश अपूर्णांक आहे आणि उरलेली दोन संमिश्र संख्या आहेत. या तिघांचे विसावे घात घ्यायचे, दोन्ही बाजूंनी आणखी तशाच मॅट्रिक्सनी गुणायचं आणि एवढं करून हाती यायची ती साधी पूर्ण संख्या, २७४५. पूर्णांकांत सुरू होऊन पूर्णांकांत संपणाऱ्या हिशोबाला मधल्या वाटेवर संमिश्र संख्यांची गरज का पडावी?

केली-हॅमिल्टन प्रमेय सांगतं की ती पडत नाही. प्रमेय असं: कोणतीही चौरस मॅट्रिक्स स्वतःच्या लाक्षणिक बहुपदीत घातली, तर उत्तर शून्य मॅट्रिक्स येतं. मुळं माहीत असण्याची अट नाही. आपल्या बाबतीत याचा अर्थ एवढाच:

```
A³ = A² + I
```

इथे I म्हणजे एकक मॅट्रिक्स. डावीकडे आणि उजवीकडे प्रत्यक्ष गुणाकार करून पाहिलं तर दोन्हीकडे (1, 1, 1), (0, 1, 1), (1, 1, 2) याच तीन ओळी मिळतात. गाईंच्या भाषेत हे वाक्य ओळखीचं आहे. तिसऱ्या वर्षाचा कळप म्हणजे दुसऱ्या वर्षाचा कळप अधिक सुरुवातीचा कळप, आणि हे प्रत्येक गटाला वेगवेगळं लागू पडतं. नारायणांच्या नियमाचं सार हेच. प्रमेयाने ते निश्चयकातून आपोआप बाहेर काढलं.

आर्थर केली यांनी १८५८ साली मॅट्रिक्सवरच्या आपल्या निबंधात हे प्रमेय मांडलं. दोन ओळींच्या मॅट्रिक्ससाठी त्यांनी ते दाखवलं आणि तीन ओळींच्या मॅट्रिक्ससाठीही पडताळल्याचं सांगितलं. सर्वसाधारण सिद्धता देण्याची गरज मात्र त्यांना वाटली नाही. विल्यम हॅमिल्टन यांना त्यांच्या चतुर्दलांच्या अभ्यासात, १८५३च्या सुमारास, याचंच एक रूप सापडलं होतं. कितीही ओळींच्या मॅट्रिक्सला लागू पडणारी सिद्धता फ्रोबेनियस यांनी १८७८ साली दिली. विद्यार्थी अनेकदा एका ओळीची ‘सिद्धता’ देतात: निश्चयकात x च्या जागी A लिहा, A मधून A गेला, शून्याचा निश्चयक शून्य. ती चूक आहे. निश्चयक ही एक संख्या असते आणि प्रमेयात शून्य येतं ती अख्खी मॅट्रिक्स. x घटकाघटकांत विखुरलेला असताना त्याच्या जागी मॅट्रिक्स ठेवता येत नाही. आधी बहुपदी उलगडायची आणि मगच A घालायचा.

आता व्यस्त मॅट्रिक्स. समीकरण जरा हलवून लिहू: A³ − A² = I. डावीकडून A बाहेर काढला की A(A² − A) = I. म्हणजे A² − A हीच A ची व्यस्त. सहघटकांचा तक्ता नाही, ओळींची वजाबाकी नाही. A चा वर्ग काढायचा आणि त्यातून A वजा करायचा:

```
A⁻¹ = A² − A = |  0  1  0 |
               | −1  0  1 |
               |  1  0  0 |
```

पुढे नेणाऱ्या मॅट्रिक्सची व्यस्त एक वर्ष मागे नेते. तिची तिसरी ओळ वाचा: गेल्या वर्षी विण्याजोग्या गाई होत्या तितक्याच, जितक्या यंदा वासऱ्या जन्मल्या. मूळ कळपाला, म्हणजे (0, 0, 1) ला, ती लावली की (0, 1, 0) मिळतं, आणखी एकदा लावली की (1, 0, 0). दोन वर्षांपूर्वी ती गाय नवजात वासरी होती, हे बरोबरच आहे. आणखी एक वर्ष मागे गेलं तर (0, −1, 1) येतं. उणे एक कालवड! व्यस्त चुकलेली नाही, गुणाकार करून पाहिला तर I च येतो. पण नवजात वासरीच्या आधी कळपच नव्हता. बीजगणित मागे जातच राहतं. कुठे थांबायचं हे उत्तरातलं उणे चिन्ह आपल्याला सांगतं.

व्यस्त काढताना एक गोष्ट आधी पाहावी. बहुपदीतलं x नसलेलं पद शून्य असेल, तर I ला बाजूला काढता येत नाही आणि ही युक्ती अडते. ते पद म्हणजे चिन्ह सोडलं तर मॅट्रिक्सचा निश्चयकच असतो. तो शून्य असेल तेव्हा व्यस्त मुळात नसतेच. म्हणजे अडलेली जागाही काहीतरी खरं सांगते.

मोठे घात हा या प्रमेयाचा सगळ्यात देखणा उपयोग. x³ दिसला की तिथे x² + 1 लिहायचं, एवढ्या एका नियमावर कितीही मोठा घात x², x आणि संख्या या तीनच पदांत उतरतो. x⁴ म्हणजे x³ + x, म्हणजे x² + x + 1. त्याला पुन्हा x ने गुणलं की x⁵ = 2x² + x + 1. इथून एकेक पाऊल चालण्याची गरज नाही, वर्ग करत जायचं. x⁵ चा वर्ग केला की x¹⁰, त्याचा वर्ग केला की x²⁰. प्रत्येक वर्गानंतर x⁴ आणि x³ उतरवून घ्यायचे:

```
x¹⁰ = 4x⁴ + 4x³ + 5x² + 2x + 1 = 13x² + 6x + 9
x²⁰ = 169x⁴ + 156x³ + 270x² + 108x + 81
    = 595x² + 277x + 406
```

शाळेच्या भाषेत सांगायचं तर x²⁰ ला आपल्या बहुपदीने भागलं आणि ही बाकी उरली. भागाकार कितीही लांबलचक असो, A घातल्यावर तो शून्याने गुणला जातो, म्हणून तो लिहायचीसुद्धा गरज नाही. उरते ती बाकी:

```
A²⁰ = 595A² + 277A + 406I
```

शेवटच्या पदातला I विसरणं ही इथली सर्वांत जास्त होणारी चूक. ४०६ ही संख्या मॅट्रिक्समध्ये तशीच मिळवता येत नाही, ती फक्त मुख्य कर्णावर मिळवायची असते.

आता हे मूळ कळपाला लावू. दोन वर्षांनंतरच्या कळपात तीन जनावरं होती, एका वर्षानंतर दोन आणि सुरुवातीला एक. म्हणून एकूण 595×3 + 277×2 + 406×1, म्हणजे १७८५ + ५५४ + ४०६. बेरीज २७४५. नारायणांचं उत्तर तंतोतंत मिळालं, तेही दोनदा वर्ग करून. गटवारही सांगता येतं: ८७२ नव्या वासऱ्या, ५९५ एक वर्षाच्या आणि १२७८ विण्याजोग्या.

मध्ये कुठे गफलत झाली तर कळावं कसं? आपण टाळलेलं मूळ इथे कामी येतं. कॅल्क्युलेटरवर १.४६५५७ चा विसावा घात घ्या आणि तीच संख्या 595x² + 277x + 406 मध्ये घाला. दोन्ही उत्तरं २०९० च्या आसपास येतात. कोणताही एक सहगुणक चुकला असता तर ही जोडी फिसकटली असती.

कर्णरूप जिथे मुळी नसतंच, तिथेही हे प्रमेय तसंच चालतं. (2, 1) आणि (−1, 4) या दोन ओळींची मॅट्रिक्स घ्या. तिची लाक्षणिक बहुपदी x² − 6x + 9 आहे आणि दोन्ही मुळं ३ च आहेत. तिला कर्णरूप देता येत नाही. तरी A² = 6A − 9I हे खरं आहे, आणि त्यातून 6I − A ला ९ ने भागलं की व्यस्त तयार.

मर्यादाही आहेत. मॅट्रिक्स शेकडो ओळींची आणि दशांश अपूर्णांकांची असेल, तर लाक्षणिक बहुपदीचे सहगुणक काढणंच जिकिरीचं होतं. संगणकावर पूर्णांकनाच्या बारीक चुका साचत जाऊन उत्तर बिघडवतात. तिथे व्यस्त काढायला ओळींच्या वजाबाकीची पद्धतच बरी. हे प्रमेय शोभतं ते लहान मॅट्रिक्सला, आणि जिथे हिशोब पूर्णांकांत अचूक राहायला हवा तिथे.

कागद-पेन्सिल घेऊन एकदा करून पाहा. 595x² + 277x + 406 चा आणखी एकदा वर्ग करा, x⁴ आणि x³ उतरवा आणि चाळीस वर्षांनंतरचा कळप मोजा. एकूण ५७,३६,९६१ यायला हवेत.