शेवटचे अठरा ग्रॅम

काढलेली धिंगरी अळंबी साध्या खोलीत दीड-दोन दिवस टिकते. तिसऱ्या दिवशी कडा पिवळ्या पडतात, हाताला चिकटपणा लागतो आणि आंबूस वास येऊ लागतो. फ्रिजमध्ये ठेवली तर जेमतेम आठवडा निघतो. बाजार जवळ नसलेल्या उत्पादकापुढे मग वाळवणे हाच खात्रीचा मार्ग उरतो. महाराष्ट्रात धिंगरी मोठ्या प्रमाणावर घेतली जाते. ती वाळवायला सोपी आहे, पातळ असल्याने ओलावा पटकन सोडते. तरीही पावसाळ्यात पिशवी उघडली की हिरवट बुरशी दिसते, अशी तक्रार अनेक घरगुती उद्योगांत ऐकू येते. दोष बहुतेक वेळा पिशवीचा नसतो. अळंबी पुरेशी वाळलेलीच नसते, आणि ती पुरेशी वाळली आहे की नाही हे नुसत्या हाताला कळत नाही.

सुरुवात काढणीपासूनच करावी लागते. धिंगरीची छत्री पूर्ण उमलली, पण तिची कड अजून वर वळली नाही, तेव्हा पुंजका काढायचा. कड वर वळून लाटेसारखी दुमडली म्हणजे अळंबी जून झाली. ती बीजाणू सोडू लागते, खालच्या बेडवर पांढरी धूळ साचते आणि देठ वातड होतो. ही धूळ श्वासात गेली की काही कामगारांना खोकला आणि अ‍ॅलर्जीचा त्रास होतो, म्हणून अशा खोलीत मास्क हवाच. काढणीच्या आधी काही तास बेडवर पाणी मारायचे नाही. पाणी मारले की वजन वाढल्यासारखे दिसते, पण ते पाणीच पुढे आपल्याला वाळवून काढावे लागते. काढल्यावर बुंध्याला लागलेला पेंढा चाकूने कापून टाकायचा. वाळवायची धिंगरी धुवायची नाही, कारण ती पाणी शोषून घेते.

काढलेली अळंबी बंद पॉलिथिनमध्ये तासन्‌तास ठेवणे ही दुसरी चूक. अळंबी कापल्यावरही जिवंत असते. ती श्वास घेते, उष्णता आणि वाफ सोडते. बंद पिशवीत ती वाफ थेंब होऊन परत अळंबीवर पडते आणि जिवाणूंना हवे ते वातावरण तयार होते. लगेच वाळवणे जमणार नसेल तर भोके असलेल्या क्रेटमध्ये उथळ थर करून थंड जागी ठेवावी आणि त्याच दिवशी वाळवणयंत्रात घालावी.

वाळवताना मोठ्या छत्र्या लांबीत फाडून सगळे तुकडे साधारण सारख्या जाडीचे करायचे आणि जाळीच्या ट्रेवर एकाच थरात पसरायचे. पहिले काही तास ४५ अंश सेल्सिअस, नंतर हळूहळू ५० ते ५५ अंश, इतके तापमान धिंगरीला पुरते. एकदम ७० अंशांवर घातली तर बाहेरचा थर आधी कडक होतो आणि आतला ओलावा अडकतो. वरून कडकडीत वाटणारा तुकडा मोडला तर मधे लवचीक निघतो. शिवाय जास्त तापमानात रंग गडद तपकिरी होतो आणि शिजवताना अळंबी नीट फुगत नाही. चांगली वाळलेली धिंगरी मधाच्या फिकट रंगाची दिसते.

पावसाळ्यात वाळवणयंत्र कसे काम करते, हे कळले तर अनेक अडचणी सुटतात. समजा बाहेरची हवा २५ अंशांची आणि ९० टक्के आर्द्रतेची आहे. अशा हवेत उघड्यावर ठेवलेली अळंबी वाळत नाही, नासते. पण तीच हवा गरम करून ५० अंशांवर नेली की तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे २३ टक्क्यांवर येते. तिच्यात वाफ तेवढीच असते, पण आणखी वाफ घेण्याची तिची क्षमता कितीतरी वाढलेली असते. म्हणून फक्त उष्णता देऊन भागत नाही. अळंबीवरून गेलेली ओली हवा बाहेर गेलीच पाहिजे. वीज वाचवण्यासाठी झरोका बंद केला तर आत दमट हवा फिरत राहते, अळंबी उबते आणि काळी पडते.

आता मुख्य प्रश्न: थांबायचे कधी? ताज्या धिंगरीत साधारण ९० टक्के पाणी असते. वाळवून ते ८ टक्क्यांच्या आसपास आणायचे. वाळलेल्या अळंबीसाठी आंतरराष्ट्रीय अन्न मानकांत ओलाव्याची कमाल मर्यादा सर्वसाधारणपणे १२ टक्के आहे. आपण ८ टक्क्यांवर थांबलो तर पुढे थोडा ओलावा शिरला तरी मर्यादा ओलांडली जात नाही.

एका ट्रेचे उदाहरण घेऊ. ट्रेवर २ किलो ताजी धिंगरी आहे. ओलावा ९० टक्के, म्हणजे पाणी सोडून उरणारा घन भाग २०० ग्रॅम. वाळल्यावर ओलावा ८ टक्के हवा, म्हणजे हे २०० ग्रॅम एकूण वजनाच्या ९२ टक्के असायला हवेत. २०० भागिले ०.९२ केले की उत्तर येते सुमारे २१७ ग्रॅम. ट्रेवरच्या मालाचे वजन २१७ ग्रॅम भरले की वाळवण थांबवायचे. ओलावा १२ टक्के असताना हेच वजन २२७ ग्रॅम असते आणि १५ टक्के असताना २३५ ग्रॅम. म्हणजे २ किलोंतून पावणेदोन किलोंहून जास्त पाणी निघून गेल्यावरही, टिकणारा माल आणि बुरशी लागणारा माल यांत फरक उरतो तो फक्त १८ ग्रॅमचा. सगळा खेळ या शेवटच्या १८ ग्रॅमचा आहे.

हे १८ ग्रॅम निघायला वेळही सर्वांत जास्त लागतो. सुरुवातीला पृष्ठभाग ओला असल्याने पाणी भराभर उडते. शेवटी मात्र जे पाणी उरते ते तंतूंच्या आतून हळूहळू बाहेर यावे लागते. वजन उतरण्याचा वेग मंदावला की माणसाला वाटते, झाले आता, आणि तो यंत्र बंद करतो. वजनकाटा जवळ असला की ही घाई होत नाही.

मात्र एक सावधगिरी हवी. प्रत्येक वेळी ताज्या वजनाच्या दहाव्या भागापर्यंत वाळवायचे, असा ढोबळ नियम घातक ठरतो. काढणीआधी पाणी मारलेल्या धिंगरीत ९२ टक्के ओलावा असू शकतो. मग २ किलोंमध्ये घन भाग फक्त १६० ग्रॅम असतो आणि ८ टक्क्यांसाठी वजन १७४ ग्रॅमपर्यंत उतरवावे लागते. इथे आपण नेहमीप्रमाणे २१७ ग्रॅमवर थांबलो तर मालात तब्बल २६ टक्के ओलावा राहतो. असा माल बंद पिशवीत भरला की त्यावर बुरशी येणारच. उलट ८८ टक्के ओलाव्याच्या कोरड्या काढणीत घन भागच २४० ग्रॅम असतो. त्या ट्रेवर २१७ ग्रॅमची वाट पाहिली तर यंत्र नुसतेच चालत राहील.

म्हणून प्रत्येक लॉटचा सुरुवातीचा ओलावा मोजायला हवा. प्रयोगशाळेत छोटा नमुना बारीक चिरून त्याचे वजन करतात, १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवतात आणि लागोपाठच्या वजनांत फरक पडेनासा झाला की थांबतात. १० ग्रॅम नमुन्याचे १ ग्रॅम उरले तर ओलावा ९० टक्के. हा नमुना खाण्यासाठी नसतो, त्यामुळे तो जास्त तापला तरी हरकत नाही. बारीक काटा आणि छोटा ओव्हन असेल तर हे काम बचतगटालाही जमते. नमुन्यात छत्री आणि देठ दोन्ही घ्यायचे, कारण देठ जाड असतो आणि उशिरा वाळतो.

याच्या जोडीला एक साधी खातरजमा आहे. वाळलेली अळंबी आधी पूर्ण थंड होऊ द्यायची. गरम असताना ती मऊ लागते आणि अंदाज चुकतो. थंड झालेला देठ पापडासारखा कटकन मोडला पाहिजे, वाकला तर पुन्हा यंत्रात घालायचा. मग काचेची घट्ट झाकणाची बरणी पाऊण भरून त्यात आर्द्रता दाखवणारे छोटे मीटर ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी आकडा पाहायचा. आकडा ६० टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशी वाढायला लागणारे पाणी त्या मालात नाही. आकडा ७० च्या वर गेला किंवा काचेवर आतून दव दिसले, तर पूर्ण लॉट परत वाळवायचा. या एका दिवसात जाड तुकड्यांतला ओलावा पातळ तुकड्यांत पसरून सगळा माल एकसारखा होतो, हा आणखी एक फायदा.

वाळलेली धिंगरी हवेतला ओलावा झपाट्याने ओढते. पावसाळ्यात ती उघडी राहिली की काही तासांतच सादळू लागते. म्हणून थंड झाल्याबरोबर पॅकिंग करायचे, रात्रभर पसरून ठेवायचे नाही. पातळ पॉलिथिनमधून वाफ हळूहळू आत शिरत असते. थोड्या दिवसांसाठी ते चालते, पण चार-सहा महिने माल ठेवायचा तर अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेले पाऊच किंवा काचेची बरणी घ्यावी. उजेडाने रंग उतरतो, म्हणून बरणी कपाटात ठेवावी.

साठवणुकीच्या चाचण्यांत ठरावीक दिवसांनी एकेक पाकीट उघडून ओलावा, रंग, वास, बुरशी आणि किडी तपासतात. अळंबी कोमट पाण्यात भिजवून, निथळून तिचे वजन किती पट झाले तेही पाहतात. वाळवण जास्त तापमानात झाले असेल तर तंतू आक्रसलेले असतात, पाणी कमी शोषले जाते आणि भाजीत तुकडे चामट लागतात. भिजवलेली धिंगरी पुन्हा ताज्याइतकी भरत नाही, कारण वाळताना तिची रचना थोडीफार मोडतेच. पण दोन लॉटची तुलना करायला ही चाचणी फार उपयोगी पडते.

उत्पादकाला यातली एक चाचणी पाकीट न फोडताही करता येते. ८ टक्के ओलाव्याची १०० ग्रॅम अळंबी भरलेले एक पाकीट खूण करून बाजूला ठेवा आणि भरल्याच्या दिवशी पाकिटासकट त्याचे वजन लिहून ठेवा. दर महिन्याला तेच पाकीट त्याच काट्यावर तोला. आतल्या घन भागाचे ९२ ग्रॅम बदलत नाहीत, म्हणून वाढलेला प्रत्येक ग्रॅम म्हणजे आत शिरलेले पाणी. वाढ साडेचार ग्रॅमच्या आसपास गेली की ओलावा १२ टक्क्यांवर पोचला असे समजा. त्याआधीच तो लॉट विकून टाका किंवा पुन्हा वाळवून, थंड करून भरा. मात्र बुरशी दिसली असेल तर तो लॉट वाळवून वाचवायचा प्रयत्न करू नका. बुरशी मेली तरी तिने सोडलेली विषद्रव्ये उष्णतेने जात नाहीत. तो माल फेकूनच द्यावा.

हे सगळे करायला महागडी यंत्रणा लागत नाही. ग्रॅमचा दशांश दाखवणारा काटा, आर्द्रतेचे एक मीटर आणि एक वही पुरते. वहीत प्रत्येक लॉटची काढणीची तारीख, ताजे वजन, सुरुवातीचा ओलावा, थांबण्याचे ठरवलेले वजन आणि पॅकिंगची तारीख लिहा. हेच आकडे पाकिटावरही छापा. आणि वाळलेली अळंबी विकत घेणाऱ्यांनी रंग आणि किमतीआधी विचारावे, की यात ओलावा किती आहे आणि तो कधी मोजला.